रिसीव्हरवाला कॉलर माइक की ब्लूटूथ माइक? मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरात हल्ली दर दुसऱ्या घरात कुणीतरी व्हिडिओ करतंय, कुणी रेसिपीचे, कुणी सराफ्यातल्या खाण्याचे, कुणी गणपतीतल्या कार्यक्रमांचे, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच, की माइक कुठला घेऊ. तर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. उत्तरं कुठे लांब आहेत कुठे दोन ओळींची, प्रश्नच तसे आहेत.

दोन्ही बिनवायरीचेच ना, मग फरक काय?

दिसायला काहीच फरक नाही, दोन्ही कॉलरला लावायची छोटी डबी. फरक आहे तो आवाज फोनपर्यंत कसा पोचतो त्यात. किटवाल्या माइकमध्ये दोन तुकडे असतात, एक कॉलरला लागतो तो ट्रान्समीटर, आणि दुसरा फोनच्या चार्जिंगच्या भोकात खुपसायचा तो रिसीव्हर. हे दोघं आपसात स्वतःच्या पद्धतीने बोलतात आणि फोनला वाटतं की वायरचा यूएसबी माइक लागलाय, म्हणून फोन तो आवाज निमूट पूर्ण घेतो. ब्लूटूथ माइकला रिसीव्हर नसतो, तो थेट फोनच्या ब्लूटूथला जोडला जातो, आणि फोन त्याच्याशी तसंच वागतो जसं कॉलवरच्या हेडसेटशी वागतो. सगळी भानगड त्या शेवटच्या वाक्यात आहे.

दोन्ही लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतात बरं का, म्हणून "हा 2.4 वाला आहे म्हणजे भारी" असं दुकानदार म्हणाला तर त्याने काही सिद्ध होत नाही.

जेल रोडवर दुकानदार प्रत्येक माइकला "ब्लूटूथ माइक"च म्हणतात. ओळखायचं कसं?

डबा उघडायला लावा. आत सी-पिनचा (किंवा जुन्या आयफोनसाठी लाइटनिंगचा) छोटा रिसीव्हर असेल, आणि तो फोनला लावल्या लावल्या माइक चालत असेल, ब्लूटूथ बंद ठेवूनसुद्धा, तर तो किटवाला. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन नाव शोधून जोडावा लागत असेल तर तो ब्लूटूथवाला. फोनचं ब्लूटूथ बंद करून बघणं ही सगळ्यात सोपी परीक्षा, दुकानातच दहा सेकंदात होते. के-8, के-9 नावाने जे स्वस्त माइक मिळतात ते बहुतेक रिसीव्हरवालेच असतात, लोक त्यांनाही सवयीने ब्लूटूथ म्हणतात.

ब्लूटूथ माइकचा आवाज कॉलवर बोलल्यासारखा का येतो? माइक तर महागाचा आहे.

कारण तो खरोखर कॉलच्याच रस्त्याने येतो. आपण ब्लूटूथवर गाणी ऐकतो ती छान वाजतात, पण गाण्यांचा तो रस्ता एकतर्फी आहे, फोनकडून कानाकडे. माइक चालू झाला की आवाज उलट्या दिशेने आणायचा असतो आणि त्यासाठी नेहमीच्या ब्लूटूथमध्ये कॉलवाली व्यवस्थाच आहे. ती बनलीच बोलणं समजावं एवढ्यासाठी. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतात, नंतरच्या सुधारलेल्या प्रकारात 16,000. आणि नियम असा की जितके नमुने त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनांचा आवाज पकडता येतो, म्हणजे जुन्यात 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं गायब, नव्यात 8,000 च्या वरचं. किटवाले माइक सहसा 48,000 नमुने घेतात, म्हणजे कानाला ऐकू येतं तेवढं सगळं त्यात मावतं.

आता बोलण्यातलं काय जातं? स्वर बहुतेक खालीच असतात, ते राहतात, म्हणून शब्द कळतात. पण "स", "श", "च", "छ" यांचा जो सुस्कारा असतो त्याचा मोठा भाग 4,000 च्या वर असतो, तो कापला की "सराफा" आणि "फराफा" जवळपास सारखेच ऐकू येतात. ओळखीच्या शब्दात आपला मेंदू भरपाई करतो, पण नाव, पत्ता, एखादा नवा पदार्थ सांगितला की बघणारा अडखळतो. फोनवर आडनाव सांगताना आपण "स, समोसातला स" म्हणतो ना, ते याच कारणाने.

म्हणून माइक कितीही महागाचा असला तरी फोनपर्यंतचा रस्ताच अरुंद आहे, त्यातून जेवढं जाईल तेवढंच जाणार.

पण माझ्या फाइलची माहिती बघितली तर 48 किलोहर्ट्झ दाखवतंय. म्हणजे आवाज पूर्णच आला ना?

नाही. हा सगळ्यात जास्त फसवणारा आकडा आहे. फोन व्हिडिओची फाइल बनवताना आवाज 48 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या साच्यात घालतो, आत आलेला आवाज 8,000 नमुन्यांचा असला तरी. वरची जागा रिकामी राहते एवढंच, आणि माहितीच्या पानावर ती रिकामी जागा दिसत नाही.

खरं बघायचं तर आवाजाचं चित्र काढायचं. लॅपटॉपवर ऑडॅसिटीत फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम दृश्य लावा (व्हिडिओ फाइल थेट उघडली नाही तर आधी आवाज वेगळा काढा), किंवा एफएफएमपेग टाकलेलं असेल तर एका ओळीत चित्र निघतं:

```
ffmpeg -i sarafa.mp4 -lavfi showspectrumpic=s=1024x512 out.png
```

चित्रात खालून वर कंपनं वाढत जातात. किटवाल्या माइकचं चित्र "स" म्हटला त्या प्रत्येक जागी वरपर्यंत उजळलेलं दिसतं. ब्लूटूथवाल्याचं चित्र 4 किंवा 8 किलोहर्ट्झपाशी फूटपट्टीने कापल्यासारखं थांबतं आणि वर नुसता अंधार. ती सरळ रेघ दिसली की समजायचं आवाज कॉलच्या रस्त्याने आलाय.

ब्लूटूथ माइक जोडलाय, "कनेक्टेड" दिसतंय, तरी व्हिडिओत लांबचाच आवाज येतो. का?

कारण बऱ्याच फोनचं मूळ कॅमेरा ॲप ब्लूटूथ माइककडे बघतच नाही, ते फोनच्याच माइकवर रेकॉर्ड करतं, आणि जोडलेलं आहे असं दिसतं ते फक्त कॉल आणि गाण्यांपुरतं. काही फोनमध्ये माइक निवडायची सोय असते, उदाहरणार्थ सॅमसंगच्या ज्या फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड आहे तिथे ब्लूटूथ, यूएसबी, पुढचा, मागचा असं निवडता येतं. नाहीतर वेगळं कॅमेरा ॲप घ्यावं लागतं ज्यात आवाज कुठून घ्यायचा ते ठरवता येतं.

कुठला माइक रेकॉर्ड होतोय हे तपासायला नखाने खरवडा. रेकॉर्डिंग चालू करून आधी कॉलरच्या माइकची जाळी हलकेच खरवडायची, मग फोनच्या खालचं माइकचं भोक. जे खरवडणं मोठ्याने ऐकू येईल तो माइक चालू आहे. ही परीक्षा किटवाल्यांनीही प्रत्येक शूटच्या आधी करावी, कारण रिसीव्हर अर्धवट बसला असेल तरी फोन काही न सांगता स्वतःच्या माइकवर जातो.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ते ब्लूटूथमुळेच का?

बहुतेक वेळा हो. कॉलच्या रस्त्याला आवाज यायला साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागू शकतो, आणि 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची असते, म्हणजे तीन ते सहा फ्रेम आवाज मागे. चांगल्या किटमध्ये हा उशीर 20 मिलिसेकंदांच्या आसपास, एका फ्रेमच्याही आत, डोळ्याला कळतच नाही. ब्लूटूथनेच काम भागवायचं असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये आवाज सरकवून टाळीचा आवाज आणि हात जुळतानाची फ्रेम एकत्र आणा. फक्त एका क्लिपचं माप दुसऱ्या क्लिपला लावू नका, माइक पुन्हा जोडला की उशीर बदलू शकतो.

सराफ्यात रात्री शूट करायचंय. एवढ्या गोंगाटात कुठला चालेल? जरा नीट सांगा.

हे नीटच सांगतो, कारण इंदूरात माइकची खरी परीक्षा तिथेच होते. समजा बोलणारी वहिनी भुट्ट्याच्या कीसच्या ठेल्यापाशी उभी आहे, फोन धरणारा दोन मीटर मागे, मागून गर्दीचा कलकल, शेजारी भट्टीचा घूं आवाज आणि कढईत गराडू पडतायत.

फोनच्या स्वतःच्या माइकला वहिनीचा आवाज दोन मीटरवरून येतो आणि गर्दी चहूबाजूंनी, त्यामुळे दोन्ही जवळपास सारखेच. आता माइक कॉलरला लावला, हनुवटीपासून एक वीत खाली, म्हणजे तोंडापासून 20 सेंटीमीटरवर. अंतर दहापट कमी झालं की गर्दीच्या तुलनेत आवाज सुमारे 20 डेसिबलने वर येतो, ही फार मोठी उडी आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हा फायदा ब्लूटूथ माइकलाही तेवढाच मिळतो, कारण तो अंतराचा फायदा आहे, तंत्राचा नाही. त्यामुळे तिथे ब्लूटूथ लावूनही शब्द कळतील.

बिघडतं ते पुढे. कॉलच्या रस्त्यावर बोलण्याव्यतिरिक्त जो सलग आवाज असेल तो गोंगाट समजून पुसायची सोय असते, आणि तिला कढईतला चर्र आवाज म्हणजेही गोंगाटच वाटतो. म्हणजे ज्या आवाजाने बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं तोच गायब, आणि जो थोडा उरला असता त्याचाही बराचसा भाग 4,000 च्या वर असल्याने कापला गेला. वहिनी कोरड्या खोलीत बोलतेय आणि समोर मुका गराडू तळला जातोय असं काहीतरी विचित्र दिसतं. शिवाय भट्टीचा आवाज कमी जास्त झाला की पुसणारी व्यवस्था मध्येच वहिनीच्या शब्दांची शेवटची अक्षरंही खाते.

किट असेल तर असं करा. दोन ट्रान्समीटरचं किट असेल तर एक वहिनीच्या कॉलरला आणि दुसरा ठेल्याच्या कडेला, कढईपासून हातभर लांब, तेल उडणार नाही आणि फार तापणार नाही अशा बाजूला. किटमध्ये स्टिरिओची सोय असेल तर ती लावा म्हणजे एक माइक डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला वेगवेगळा रेकॉर्ड होतो आणि नंतर कढईचा आवाज हवा तिथे वाढवता, नको तिथे कमी करता येतो. नॉइज रिडक्शनचं बटण बंद. आवाजाची पातळी वहिनी हसली किंवा गर्दीत ओरडून बोलली तरी लाल होणार नाही एवढी खाली, कारण फुटलेला आवाज नंतर नीट होत नाही, कमी असलेला वाढवता येतो.

आणि वहिनीने फोनकडे पाठ करून ठेलेवाल्याशी बोलायला सुरुवात केली तर? छातीवरचा ट्रान्समीटर आणि फोन यांच्यामध्ये अख्खं शरीर आलं. 2.4 च्या लहरी पाण्याने भरलेल्या शरीरात बऱ्याच शोषल्या जातात, त्यामुळे डब्यावर शंभर मीटर लिहिलेला माइक सराफ्याच्या गर्दीत पाठ फिरवल्यावर पाच-सात मीटरवरही तुटायला लागू शकतो. तिथे शूट करणाऱ्याने बाजूला सरकून ट्रान्समीटर "दिसेल" अशा जागी यायचं. डब्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो.

आवाज मध्येच टक टक तुटतो. माइक खराब आहे का?

आधी वरचं शरीराचं कारण बघा. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून पुन्हा रेकॉर्ड करा. रिसीव्हर फोनला चिकटूनच बसलेला असतो आणि फोनचं स्वतःचं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलत असतं. फ्लाइट मोडमध्ये किट मजेत चालतं, आणि मध्येच आत्याचा फोन येऊन रेकॉर्डिंग बंद पडायचा धोकाही जातो. (वायफाय, ब्लूटूथ वेगळे चालू राहिले तर तेही हाताने बंद करा.) फ्लाइट मोडमध्ये तुटणं थांबलं तर माइक चांगला आहे. घरातल्या शांत खोलीत, एक मीटरवर, फ्लाइट मोडमध्येही तुटत असेल तर मात्र बिल शोधा आणि परत करा.

रिसीव्हर लावला तरी काहीच होत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजी शोधा. ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवोच्या बऱ्याच फोनमध्ये ते आपल्याला चालू करावं लागतं, आणि काहींत तर दहा मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं, म्हणजे चहाला गेलात आणि परत आलात तर माइक गेलेला. दुसरं कारण फोनचं जाड कव्हर, त्यामुळे पिन पूर्ण आत बसत नाही. कव्हर काढून बघा. तिसरं, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींचे दिवे लुकलुकत असतील तर ते अजून एकमेकांना सापडले नाहीत, दिवा स्थिर झाला की जोडले गेले.

रिसीव्हर लावून व्हिडिओ बघितला तर आवाजच नाही, रेकॉर्ड झालाच नाही का?

झालाय. फोनला वाटतंय की हेडफोन लागलेत, म्हणून तो आवाज स्पीकरवर न देता रिसीव्हरकडे पाठवतो. रिसीव्हर काढा आणि मग बघा. या एका गोष्टीपायी लोक चांगले माइक परत करून येतात.

एकाच कानात आवाज येतो.

स्टिरिओवर रेकॉर्ड केलंय आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या नाहीत. एडिटिंगमध्ये मोनो करा. एकच जण बोलणार असेल तर मुळातच किट मोनोवर ठेवा.

नॉइज रिडक्शनचं बटण तर किटमध्येही असतं, मग ते लावायचं की नाही?

घरातल्या पंख्यासाठी, कूलरसाठी लावा, चालतं. बाहेर जपून. स्वस्त किटमध्ये ते लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि एकदा रेकॉर्ड झालं की परत मूळ आवाज मिळत नाही. वाऱ्यासाठी तर ते कामाचंच नाही, वाऱ्यासाठी केसाळ टोपी असते ती माइकवर चढवा, बऱ्याच किटमध्ये फुकट येते आणि लोक डब्यातच ठेवून देतात. पितृपर्वतावर शूट करणाऱ्यांनी तर तिच्याशिवाय जाऊच नये.

मग ब्लूटूथ माइक कधी घ्यावा?

फोनचं भोक चार्जिंगसाठी अडलेलं असेल (काही रिसीव्हरला चार्जिंगची जागा असते, ती आहे का बघा), किंवा नुसतं ऑनलाइन शिकवणं, मीटिंग, व्हॉइस नोट एवढंच असेल तर ब्लूटूथ पुरतं, तिथे तसंही समोरच्याला कॉलचाच आवाज जाणार. आणि परिस्थिती बदलतेय हेही खरं. ब्लूटूथचा नवा एलई ऑडिओ प्रकार जास्त चांगला आवाज उलट दिशेने आणू शकतो, आणि 2025 च्या आयओएस 26 पासून काही नव्या एअरपॉड्सवरून कॅमेऱ्यात चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग करता येतं. पण हे तेव्हाच जेव्हा फोन, माइक आणि ॲप तिघांनाही ती सोय असेल, डब्यावर "ब्लूटूथ 5.3" लिहिलंय यावरून काहीच कळत नाही. घ्यायच्या आधी आपल्याच फोनवर रेकॉर्ड करून, वरचं चित्र काढून बघा.

एक उलटी गंमतही आहे. डीजेआय माइक मिनीसारखे काही ट्रान्समीटर रिसीव्हर न वापरता थेट फोनच्या ब्लूटूथलाही जोडता येतात. घाईत सोय होते, पण मग तुम्ही पैसे किटचे दिले आणि आवाज ब्लूटूथच्या रस्त्याने आणला.

बजेट हजाराच्या आत आहे. स्वस्त किट की बऱ्यापैकी कंपनीचा ब्लूटूथ माइक?

व्हिडिओसाठी स्वस्त किट. त्याचा माइक साधा असेल, थोडी खरखर असेल, पण रस्ता रुंद आहे आणि ओठ जुळतात. दुकानात "सुरेश, शशी, छाया, चंचल" असं काहीतरी बोलून रेकॉर्ड करा, पाठ फिरवून चार पावलं चाला, मग रिसीव्हर काढून हेडफोनवर ऐका. एवढ्यात जो पास होईल तो घ्या.

रिसीव्हर हरवला तर नवा मिळतो का?

मोठ्या कंपन्यांचे काही रिसीव्हर सुटे मिळतात आणि पुन्हा जोडून घेता येतात. स्वस्त किटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हर कारखान्यातूनच जोडी लावून येतात, दुसऱ्या डब्यातला रिसीव्हर सहसा ओळखतच नाही, म्हणजे अख्खं किट नवं. शूट संपलं की फोनच्या बुडाला लटकलेला तो तुकडा काढून आधी डबीत टाका, मग जिलबी खा.